खात्यात किती रोकड ठेवायची?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे अनेक छोटे-मोठे कारखाने आहेत. त्यांच्यासारखाच एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. भंगार, कोक, मजुरी, वीज, गाडीभाडं असा सगळा मिळून त्याचा खर्च रोजचा साधारण एक लाख रुपये, म्हणजे 360 दिवसांचं वर्ष धरलं तर वर्षाला 3 कोटी 60 लाख. मोठ्या गिऱ्हाइकांकडून आलेले पैसे मालकांनी लिक्विड फंडात ठेवलेत आणि लागतील तसे ते तिथून चालू खात्यात येतात. लेखापाल विचारतो, “साहेब, आज किती काढू?” साहेब कामाच्या गडबडीत सांगतात, “महिन्याचे एकदमच काढा हो, रोज कोण कटकट करणार!”

या एका वाक्याची किंमत मोजता येते. वाणिज्य शाखेत, सीएच्या अभ्यासक्रमात, एमबीएला ‘रोख व्यवस्थापन’ नावाचं प्रकरण असतं आणि त्यात नेमकं हेच मोजायला शिकवतात. मुलं सूत्र पाठ करतात, आकडे घालतात, वर्गमूळ काढतात आणि दोन रेघा मारून उत्तर लिहितात. त्या उत्तराच्या मागे काय चाललंय, आणि उत्तर थोडं चुकलं तर नेमकं किती बिघडतं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते सूत्रापेक्षा हे दोन प्रश्न जास्त मोलाचे आहेत. म्हणून शिरोलीचाच हिशोब शेवटपर्यंत करून पाहू.

आधी खर्च ओळखायचे. चालू खात्यावर आपल्याकडे व्याज मिळत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. म्हणजे चालू खात्यात पडून असलेला प्रत्येक रुपया फंडात मिळालं असतं ते उत्पन्न गमावतो. फंडातून वर्षाला 5 टक्के मिळतात असं धरू. हा झाला रोकड बाळगण्याचा खर्च. तो कुठल्याही बिलावर दिसत नाही, त्यामुळे बऱ्याच मालकांना तो खर्च वाटतच नाही.

दुसरा खर्च पैसे काढण्याचा. आज बँकेची फी नगण्य असते, पण काम तेवढ्यावर संपत नाही. लेखापालाने शिल्लक पाहायची, फंडाच्या पोर्टलवर विक्रीची नोंद टाकायची, दोन भागीदारांची मंजुरी घ्यायची, दुसऱ्या दिवशी पैसे आले का ते तपासायचं, मग वहीत नोंद आणि वर्षअखेरीला कर सल्लागाराकडे प्रत्येक विक्रीच्या नफ्याचा हिशोब. या सगळ्या वेळेची आणि फीची मिळून किंमत दर खेपेला 250 रुपये धरू. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. एक लाख काढा की तीस लाख, ही कटकट तेवढीच असते. रकमेनुसार न बदलणारा हा ठोक खर्चच या गणितात मोजायचा.

आता साहेबांची महिन्याची पद्धत पाहू. महिन्याला 30 लाख काढले की वर्षात 12 खेपा होतात, म्हणजे काढण्याचा खर्च 3,000 रुपये. पण पहिल्या दिवशी खात्यात 30 लाख असतात आणि महिनाअखेर शून्य, म्हणजे सरासरी 15 लाख पडून राहतात. त्यावर 5 टक्के म्हणजे 75,000 रुपये बुडाले. एकूण 78,000.

उलट टोकाला जाऊन रोज लागतात तेवढेच, एक लाख, काढले तर? खेपा 360 झाल्या, त्यांचा खर्च 90,000. खात्यात सरासरी 50 हजार राहतात, त्याचं गमावलेलं उत्पन्न फक्त 2,500. एकूण 92,500. पै न् पै कामाला लावायच्या नादात ही पद्धत महिन्याच्या पद्धतीहूनही महाग पडली.

मधला रस्ता घेऊन बारा लाख काढले तर 30 खेपांचे 7,500 आणि सरासरी सहा लाखांवरचे 30,000, मिळून 37,500. तीन लाख काढले तर 120 खेपांचे 30,000 आणि सरासरी दीड लाखावरचे 7,500. बेरीज पुन्हा 37,500. म्हणजे तीन आणि बारा यांच्या मधे कुठेतरी बेरीज सगळ्यात कमी असणार. सहा लाख काढून पाहा: 60 खेपांचे 15,000, सरासरी तीन लाखांवरचे 15,000, एकूण 30,000. यापेक्षा कमी बेरीज कुठलीच रक्कम देत नाही.

असं का, ते समजायला कलनशास्त्र लागत नाही. वरच्या प्रत्येक उदाहरणातल्या दोन खर्चांचा गुणाकार करा. 3,000 गुणिले 75,000 म्हणजे साडेबावीस कोटी. 90,000 गुणिले 2,500, तेही साडेबावीस कोटी. 7,500 गुणिले 30,000, 15,000 गुणिले 15,000, सगळीकडे तोच आकडा. एक खर्च जितक्या पटीने वाढतो तितक्याच पटीने दुसरा घटतो, म्हणून गुणाकार हलत नाही. आणि गुणाकार ठरलेला असताना दोन संख्यांची बेरीज सगळ्यात कमी तेव्हाच असते, जेव्हा त्या दोन्ही सारख्या असतात. शाळेत आपण हेच दुसऱ्या शब्दांत शिकलो होतो: ठरावीक क्षेत्रफळाच्या आयतांमध्ये परिमिती सर्वांत कमी चौरसाची.

आता सूत्र आपोआप येतं. वर्षाची गरज T, एका खेपेचा ठोक खर्च b, व्याजदर i आणि एका वेळी काढायची रक्कम C. खेपांचा खर्च bT/C, बाळगण्याचा खर्च iC/2. दोन्ही सारखे मांडले की:

C = √(2bT/i)

शिरोलीचे आकडे घातले तर 2 × 250 × 3,60,00,000 भागिले 0.05, म्हणजे 36 हजार कोटी, आणि त्याचं वर्गमूळ 6,00,000.

हे सूत्र विल्यम बॉमोल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1952 साली मांडलं. त्याने ते रोकडीसाठी नव्याने शोधलं नव्हतं. कारखान्यातल्या मालाच्या साठ्यासाठी फोर्ड हॅरिस या अभियंत्याने 1913 सालीच असं गणित केलं होतं, आणि बॉमोलने रोकड हाही एक मालसाठाच आहे असं धरून ते पैशाला लावलं. आपल्या घरात वर्षाचं धान्य एकदम भरायचं की महिन्याला आणायचं हा प्रश्न ज्यांनी सोडवलाय, त्यांना बॉमोल नवा नाही: एकदम भरलं तर पैसा अडकतो आणि किडीची भीती, थोडं थोडं आणलं तर बाजाराच्या खेपा. बॉमोलनंतर चारच वर्षांनी जेम्स टोबिनने जवळजवळ याच विचाराला वेगळ्या वाटेने हात घातला, म्हणून अर्थशास्त्राच्या पुस्तकांत दोघांची नावं जोडीने येतात. त्याही आधी, 1947 साली, फ्रान्सच्या मॉरिस अले यांनी हा हिशोब छापला होता, आणि पुढे बॉमोल आणि टोबिन या दोघांनी मिळून ते श्रेय जाहीरपणे त्यांना दिलं.

या सूत्रातून एक गोष्ट बाहेर पडते ती सहज सुचणारी नाही. शिरोलीच्या कारखान्याचा धंदा चौपट झाला, वर्षाचा खर्च 14 कोटी 40 लाखांवर गेला, तर एका वेळी काढायची रक्कम चौपट होत नाही. वर्गमुळामुळे ती दुप्पटच होते, बारा लाख. “आपली उलाढाल दुप्पट झाली, आता खात्यातली शिल्लकही दुप्पट ठेवा” असं म्हणणारा मालक विनाकारण पैसा झोपवून ठेवतो. मोठ्या धंद्याला आपल्या आकाराच्या मानाने रोकड कमी लागते, ती यामुळे.

पण मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच वाटते, आणि परीक्षेत तिच्यावर सहसा प्रश्न येत नाही. सहा लाखांऐवजी पाच लाख काढले तर खर्च किती? 72 खेपांचे 18,000 आणि अडीच लाखांवरचे 12,500, एकूण 30,500. सात लाख वीस हजार काढले तर? 50 खेपांचे 12,500 आणि तीन लाख साठ हजारांवरचे 18,000, एकूण पुन्हा 30,500. उत्तर जवळपास वीस टक्क्यांनी इकडे-तिकडे गेलं आणि फरक पडला वर्षाला फक्त 500 रुपयांचा. खर्चाच्या वक्राचा तळ टोकदार नसतो, परातीसारखा सपाट असतो.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. दर सहा दिवसांनी पैसे काढणं कुणाच्याच लक्षात राहणार नाही, कारण ती तारीख कधी मंगळवारी येईल तर कधी रविवारी. त्याऐवजी “दर सोमवारी आठवड्याचे काढायचे” असं ठरवलं तर वर्षात 52 खेपा होतात. त्यांचे 13,000, आणि एका वेळच्या 6,92,308 रुपयांच्या निम्म्यावर 5 टक्के म्हणजे सुमारे 17,308. एकूण 30,308. गणिती अचूकतेपेक्षा वर्षाला 308 रुपये जास्त, आणि त्या बदल्यात एक नियम जो कुणीही विसरणार नाही. महिन्याची पद्धत मात्र सपाट तळापासून फार लांब जाते. तिथे वक्र चढू लागलेला असतो, आणि साहेबांच्या त्या वाक्याने वर्षाला 48,000 रुपये जास्तीचे लागतात. सूत्राचं खरं काम हेच: आपण तळाजवळ आहोत की भिंतीवर चढतोय, ते सांगणं.

आणखी एक बारकावा, कारण परीक्षेत आणि व्यवहारात दोन्हीकडे तो फसवतो. काही खर्च रकमेच्या प्रमाणात लागतात. लिक्विड फंडात पैसे घालताना 1 जुलै 2020 पासून 0.005 टक्के मुद्रांक शुल्क लागतं. आपल्या 3 कोटी 60 लाखांवर ते 1,800 रुपये होतं. पण तुम्ही ती रक्कम साठ वेळा काढा नाहीतर बारा वेळा, वर्षाचा एकूण आकडा तोच राहतो आणि 1,800 ही तेच राहतात. जो खर्च C बदलल्याने बदलत नाही तो C ठरवण्यात मत देऊ शकत नाही. गणितात “प्रति व्यवहार 250 रुपये आणि रकमेच्या अमुक टक्के दलाली” असं दिलं असेल, तर सूत्रात फक्त 250 घालायचे. दलाली एकूण खर्चात शेवटी मिळवायची.

आता चुका कुठे होतात ते पाहू. सगळ्यात जास्त होणारी चूक काळाची. समजा प्रश्नात लिहिलंय: महिन्याची रोख गरज 30 लाख, व्याजदर वार्षिक 5 टक्के, प्रति व्यवहार खर्च 250. घाईत विद्यार्थी T च्या जागी 30 लाख घालतो आणि i च्या जागी 0.05. उत्तर येतं सुमारे 1,73,205. दोन्ही खर्च सारखे येतात का हे तो तपासतो: 30 लाख भागिले 1,73,205 म्हणजे 17.3 खेपा, त्यांचे 4,330 रुपये, आणि बाळगण्याचे 86,602 वर 5 टक्के, तेही 4,330. सारखे आले! विद्यार्थी निर्धास्त होतो, पण उत्तर साफ चुकलेलं असतं. बेरीज-वजाबाकीची चूक ही तपासणी पकडते, काळाची चूक पकडू शकत नाही, कारण तीच चूक तपासणीतही पुन्हा होते.

ती पकडायला दुसराच प्रश्न विचारावा लागतो: ही रक्कम किती दिवस पुरेल? रोजचा खर्च एक लाख, तर 1,73,205 रुपये पावणेदोन दिवसांत संपतील. महिन्यातून खरोखर सतरा वेळा काढणं या खर्चात परवडेल का, असं मनाला विचारलं की शंका येते. मग लक्षात येतं की गरज महिन्याची होती आणि दर वर्षाचा. गरज बाराने गुणा, नाहीतर दर बाराने भागा. दोन्ही वाटांनी उत्तर सहा लाखच येतं. टक्क्याची चूकही याच प्रश्नाने सापडते. 0.05 ऐवजी नुसते 5 घातले तर उत्तर साठ हजार येतं, म्हणजे एका दिवसालाही न पुरणारं.

वर्गमूळ बरोबर काढूनही एक चूक राहू शकते: बाळगण्याचा खर्च मोजताना निम्मे करायचं विसरणं. मग पूर्ण सहा लाखांवर व्याज लागतं, ते 30,000 येतं आणि दुसरा खर्च 15,000. इथे मात्र दोन्ही खर्च सारखे नसणं हाच इशारा असतो. ते जुळले नाहीत तर आधी सरासरी नीट घेतली का ते पाहावं.

हे सगळं झालं, तरी बॉमोलच्या मांडणीत एक मोठं गृहीतक आहे. रोकड नळाच्या सारख्या धारेसारखी एका वेगाने बाहेर जाते आणि रोज किती जाणार ते आधीच माहीत आहे, असं तिथे धरलंय. शिरोलीच्या कारखान्यात हे बऱ्यापैकी चालून जातं. पण बाजार समितीतल्या घाऊक व्यापाऱ्याकडे तसं नसतं. त्याच्याकडे एके दिवशी वसुली जोरात होते आणि लाख-दीड लाख येतात, दुसऱ्या दिवशी मालाचे पैसे द्यावे लागतात आणि तेवढेच जातात. उद्या काय होईल ते त्यालाही सांगता येत नाही. अशा धंद्यासाठी मर्टन मिलर आणि डॅनियल ऑर यांनी 1966 साली दुसरी मांडणी केली. यातल्या मिलर यांना पुढे 1990 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते वित्तशास्त्रातल्या इतर कामासाठी.

मिलर आणि ऑर यांचा विचार असा: जे आधी कळत नाही त्याचं वेळापत्रक करू नका, सीमा आखा. तीन रेषा ठरवा. खालची रेषा L, हिच्याखाली शिल्लक जाऊ द्यायची नाही. वरची रेषा H, हिच्यावर जाऊ द्यायची नाही. आणि मधली Z, जिथे शिल्लक परत आणायची. शिल्लक दोन्ही टोकांच्या आत फिरत असेल तोवर काहीही करायचं नाही, फक्त पाहत राहायचं. वरच्या रेषेला टेकली की Z पेक्षा जास्तीचे फंडात टाकायचे, खालच्या रेषेला टेकली की Z पर्यंत भरून घ्यायची.

खालची रेषा सूत्रातून येत नाही. ती मालकाने ठरवायची, बँकेची किमान शिल्लकेची अट आणि आपली जोखमीची तयारी पाहून. बाकीच्या दोन अशा येतात:

Z = L + ∛(3bσ²/4i)
H = 3Z − 2L

इथे σ² म्हणजे रोजच्या निव्वळ आवक-जावकेचं प्रचरण, आणि i हा दिवसाचा व्याजदर. आपल्या व्यापाऱ्याच्या वहीतल्या रोजच्या निव्वळ रकमांचं प्रमाण विचलन 64,000 रुपये आहे, एका व्यवहाराचा खर्च 200 रुपये आहे, आणि दर दिवसाला 0.015 टक्के, म्हणजे वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास. किमान शिल्लक त्याने एक लाख ठरवलीय.

घनमुळाच्या आत 3 × 200 × 64,000 चा वर्ग, भागिले 4 × 0.00015. याचं घनमूळ बरोबर 1,60,000 येतं. म्हणून Z झाला 2,60,000, आणि H झाला 7,80,000 वजा 2,00,000, म्हणजे 5,80,000.

हे दुकानात कसं चालेल ते पाहा. व्यापारी 2,60,000 शिल्लक घेऊन सुरू करतो. आठवडाभर आकडा वर-खाली होतो, कधी दोन लाख दहा हजार, कधी चार लाख, आणि तो काहीच करत नाही. एके दिवशी वसुली चांगली होऊन संध्याकाळी शिल्लक 5,92,000 दिसते. वरची रेषा ओलांडली, म्हणून 3,32,000 फंडात जातात आणि शिल्लक 2,60,000 वर येते. पुढे कधी ती 93,000 वर घसरली, तर फंडातून 1,67,000 आणायचे. बस, एवढाच नियम.

Z अगदी मधोमध का नाही, हा प्रश्न विद्यार्थी फारसा विचारत नाहीत, पण त्याचं उत्तर छान आहे. एक लाख आणि 5,80,000 यांच्या मधोमध 3,40,000 येतात. Z मात्र 2,60,000 वर, म्हणजे पट्ट्याच्या खालच्या एक तृतीयांशावर आहे. शिल्लक मधोमध आणली असती तर ती दोन्ही रेषांपासून सर्वांत लांब राहिली असती आणि व्यवहार थोडे कमी झाले असते. पण तितके पैसे जास्त काळ पडून राहिले असते. खाली आणल्याने व्यवहार थोडे वाढतात, पडून राहणारा पैसा बराच घटतो. या दोहोंचा मेळ एक तृतीयांशावर बसतो. इथेही तराजूच्या दोन पारड्यांत तेच दोन खर्च आहेत, फक्त गणित जरा अवघड झालंय.

इथली ठरलेली चूक म्हणजे दिवसाच्या दराऐवजी वर्षाचा दर घालणं. σ² रोजचं असेल तर i ही रोजचाच हवा. वर्षाचा दर घातला तर घनमुळातली रक्कम 365 पटीने घटते आणि 1,60,000 ऐवजी जेमतेम 22,400 येतात. ही चूक एका नजरेत सापडते. व्यापाऱ्याच्या शिल्लकेत एका दिवसात सहज 64,000 चा फरक पडतो, आणि परत आणायची रेषा खालच्या रेषेपासून फक्त 22,400 वर! मग जवळजवळ रोजच कुठली ना कुठली रेषा ओलांडली जाईल. Z आणि L मधलं अंतर एका दिवसाच्या नेहमीच्या चढ-उतारापेक्षा कमी आलं, तर आधी दर तपासायचा. प्रश्नात प्रमाण विचलन दिलंय की प्रचरण, हेही बघायचं. प्रचरण दिलं असेल तर त्याचा पुन्हा वर्ग करायचा नाही.

आता खऱ्या वहीकडे येऊ. खऱ्या धंद्यात काही रकमा एकसारख्या धारेने जात नाहीत आणि नशिबानेही येत-जात नाहीत, त्या तारखेने जातात. टीडीएस 7 तारखेला, भविष्यनिर्वाह निधी 15 तारखेला, दरमहा विवरण भरणाऱ्यांचा जीएसटी 20 तारखेला, आगाऊ आयकर 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्चला. पगाराचा दिवसही ठरलेला. या रकमा तशाच ठेवून प्रमाण विचलन काढलं तर ते खोटं फुगतं, पट्टा विनाकारण रुंद होतो आणि खात्यात जास्त पैसे पडून राहतात. ज्याची तारीख आणि रक्कम माहीत आहे त्याला अनिश्चितता म्हणायचंच नाही. त्या रकमा वहीतून वेगळ्या काढाव्यात, त्यांच्यासाठी कॅलेंडर लावावं, फंडातून पैसे त्या-त्या तारखेच्या एक-दोन दिवस आधी आणावेत, आणि उरलेल्या रोजच्या चढ-उतारालाच मिलर-ऑरच्या रेषा लावाव्यात. पुस्तकातल्या गणितात हे वेगळं करून दिलेलं असतं, म्हणून विद्यार्थ्यांना ते करायची सवय लागत नाही. नोकरीत पहिल्याच महिन्यात ते करावं लागतं.

गेल्या काही वर्षांत या सूत्रांतला एक आकडा झपाट्याने बदललाय, तो b. बॉमोलच्या काळात रोखे विकणं म्हणजे दलालाला गाठणं, कागद हलवणं, वाट पाहणं. आपल्याकडे एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस चालू झाले. शिरोलीच्या कारखान्याने मंजुरीची साखळी सोपी केली आणि दर खेपेचा खर्च 250 वरून एक चतुर्थांश, 62.50 रुपयांवर आणला, तर C सहा लाखांवरून तीन लाख होईल आणि वर्षाचा एकूण खर्च 30,000 वरून 15,000. मालकांनी व्याजदराच्या पाव-अर्ध्या टक्क्यासाठी फंड बदलत बसण्यापेक्षा आपल्या कार्यालयातल्या त्या दोन सह्यांकडे आधी पाहावं, असं मी म्हणेन.

आणि शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडच्या बऱ्याच लघुउद्योगांकडे फंडात ठेवायला जास्तीचे पैसे नसतात, त्यांचं कॅश क्रेडिट खातं चालू असतं आणि त्यावर वापरलेल्या रकमेपुरतं रोज व्याज लागतं. अशा खात्यात आलेला पैसा त्याच दिवशी व्याज कमी करतो आणि लागला की परत उचलता येतो, मधे ठोक खर्चाची कुठलीच खेप नसते. b जवळजवळ शून्य झाला की C ही शून्याकडे जातो. त्यामुळे परीक्षेतल्या कारखान्याला सहा लाखांचं उत्तर बरोबर असलं, तरी कर्जाचं खातं वापरात असलेल्या मालकाने बाजूला रोकड राखून ठेवू नये. संध्याकाळी उरलेली शिल्लक त्याच दिवशी कर्जाच्या खात्यात भरावी.